कूस किती तासांनी बदलायची, हे त्वचेला विचारा

«सासूबाई 72 वर्षांच्या. दोन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन उजवी बाजू गेली, बोलणंही नीट कळत नाही. मधुमेह आहे, वजन साधारण 48 किलो. इस्पितळातून घरी आणल्यापासून डायपर लावतो. एअर बेड भाड्याने आणला. दुकानदार म्हणाला की आता कूस बदलायची गरज नाही. तरी कालपासून माकडहाडावर दहाच्या नाण्याएवढा लालसर डाग दिसतोय. शेजारच्या काकी सांगतात, खाली रबरी रिंग ठेव आणि स्पिरिट लावून पाठ चोळ. यजमान वेर्ण्याला शिफ्टमध्ये कामाला, रात्री बहुतेक मी एकटीच. दर दोन तासांनी उठवायचं म्हणतात, पण ते किती दिवस जमणार? आणि एकटीने वळवताना माझीच कंबर धरते. नेमकं काय करू?»
(एक वाचक, डिचोली)

ताई, सगळ्यात आधी त्या डागाकडे पाहू, कारण पुढचं वेळापत्रक त्यावर ठरणार आहे.

सासूबाईंना कुशीवर करा. डागावर बोट टेकवून साधारण तीन सेकंद दाबून धरा आणि उचला. बोटाखालची जागा क्षणभर फिकट पडून पुन्हा लाल झाली, तर तिथलं रक्त अजून फिरतंय. दाब काढलात की असा डाग अर्ध्या तासात बहुतेक निघून जातो. दाबूनही लाल तो लालच राहिला, तर आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा झाली आहे. कातडी वरून धड असली तरी ही बेडसोअरची पहिली पायरी आहे. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर फिकट पडणं नीट दिसत नाही, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. हाताची मागची बाजू डागाला लावा आणि मग दोन-तीन बोटं बाजूला, चांगल्या कातडीला लावा. डाग जास्त गरम लागतोय का? आजूबाजूपेक्षा कडक किंवा उलट पिचपिचीत वाटतो का? दाबल्यावर सासूबाईंचा चेहरा आक्रसतो का? यातलं एकही ‘हो’ असेल, तर रंग कसाही असो, ती जागा दुखावली आहे असंच धरा.

तुम्ही लिहिलं आहे की डाग कालपासून आहे. रात्रभर राहिलेला डाग साधा मानू नये. आजपासून डाग जाईपर्यंत पाठीवर झोपवणं पूर्ण बंद. फक्त डावी कूस आणि उजवी कूस, आणि जेवणापुरतं बसवणं. शिवाय जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा नेहमीच्या डॉक्टरांना एक-दोन दिवसांत कळवा. मधुमेहात जखम भरायला उशीर लागतो आणि जंतुसंसर्गही लवकर होतो, म्हणून कातडी फुटेपर्यंत थांबू नका.

आता कूस. बहुतेक घरांत इथेच चूक होते. कुशीवर म्हणजे भिंतीकडे तोंड करून पूर्ण आडवं, असं समजून माणसाला सरळ नव्वद अंशांत वळवतात. मग सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, आणि तिथे मांस जवळजवळ नसतंच. माकडहाड सुटलं, पण खुबा अडकला. हवं असतं ते थोडंसं कलतं झोपवणं, साधारण तीस अंश. त्यात भार एका नितंबाच्या मांसल भागावर येतो. माकडहाडही मोकळं राहतं आणि खुबाही. तीस अंश म्हणजे किती, हे डोळ्यांना कळत नसेल तर वर्तमानपत्राच्या पानाचा एक काटकोनी कोपरा घ्या आणि त्याची सारखी तीन भागांत घडी घाला. जो निमुळता कोपरा उरतो तो तीस अंशांचा. तो पाठीमागे गादीवर टेकवून एकदा ताडून पाहा. दोन-तीनदा पाहिलं की नजर बसते.

एकटीने कंबर न मोडता वळवायचं तर त्याची तयारी आधी करावी लागते. जुनी सुती साडी चार पदरी घडी करून आडवी अंथरा. ती सासूबाईंच्या खांद्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत आली पाहिजे आणि दोन्ही बाजूंना हातभर बाहेर उरली पाहिजे. सरकवायचं ते साडीला धरून, अंगाला धरून नाही. काखेत हात घालून वर ओढलं की माकडहाडावरची कातडी चादरीला चिकटून तिथेच राहते आणि आतलं हाड मात्र पुढे सरकतं. मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात, पिळल्या जातात. बाहेरून काहीच दिसत नाही आणि दोन-तीन दिवसांनी जांभळा डाग उमटतो. पलंग भिंतीपासून ओढून घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी उभं राहता येईल. ज्या बाजूला तुम्ही नसाल तिथे कठडा किंवा जड खुर्च्यांच्या पाठी लावा.

समजा डाव्या कुशीवर करायचं आहे. डोक्याकडची बाजू आधी सपाट करा. उतारावर वळवायला गेलात की माणूस खाली घसरतो. उजव्या बाजूला उभ्या राहून साडी धरून त्यांना वीतभर आपल्याकडे ओढा. आधी खांदे, मग कंबर, मग पाय, असं तीन टप्प्यांत. यामुळे वळल्यावर त्या गादीच्या मधोमध येतात, कडेला नाही. आता कठडा लावून डाव्या बाजूला या. त्यांचा डावा हात अंगापासून थोडा दूर ठेवा. निर्जीव असलेला उजवा हात छातीवर आणा, पण तो मनगटाला धरून ओढू नका. एक तळवा कोपराखाली, एक मनगटाखाली, असा उचलून आणा. अर्धांगवायूत खांद्याचा सांधा सैल झालेला असतो आणि ओढल्याने तो निखळू शकतो. उजवा गुडघा वाकवून पाऊल गादीवर टेकवा. एक हात त्यांच्या उजव्या खांद्यामागे, दुसरा उजव्या कमरेमागे. तुमचा एक पाय पुढे, एक मागे, गुडघे थोडे वाकलेले. हातांनी ओढायचं नाही. अंगाचा भार मागच्या पायावर न्यायचा, त्यासरशी त्या तुमच्याकडे वळतात. पलंग फार खाली असेल तर एक गुडघा गादीवर टेकवा. कंबर धरते ती वाकून हातांनी ओढल्यामुळे. उजव्या कुशीवर करताना हेच उलट बाजूने, आणि तेव्हा त्यांना त्यांच्या चांगल्या डाव्या हाताने तुमच्याकडची गादीची कड धरायला सांगा. बोलणं कळत नसलं तरी हात नेऊन ठेवला की बऱ्याचदा समजतं, आणि तुमचा भार कमी होतो.

वळल्यावर पाठीमागे खांद्यापासून कमरेपर्यंत एक लांब उशी किंवा लोड लावा आणि त्यांना हलकेच त्यावर मागे रेलू द्या. हे रेलणं म्हणजेच ते तीस अंश. मग तळवा वर करून हात त्यांच्या कमरेखाली सरकवा. माकडहाडाखाली हात सहज फिरला पाहिजे. खुब्याचं हाड तळव्यावर टोचत असेल, तर वळवणं जास्त झालं आहे. मागची उशी जरा बाहेर ओढा. हात काढताना तो गादीकडे दाबून काढा, म्हणजे कातडी ओढली जात नाही आणि खालच्या चुण्याही सपाट होतात. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी, आणि ती घोट्यांपर्यंत पोचली पाहिजे, नाहीतर घोटे एकमेकांवर घासतात. वरचा पाय थोडा पुढे. उजव्या कुशीवर असताना खालचा उजवा खांदा अंगाखाली दबू देऊ नका. खांद्याच्या फऱ्याखाली तळवा घालून तो किंचित पुढे घ्या. शेवटी कान दुमडला नाही ना, डायपरची चिकटपट्टी किंवा एखादी नळी अंगाखाली आली नाही ना, हे पाहा. एवढं सगळं पहिल्या दिवशी दहा मिनिटं घेईल. आठवड्याभरात तीन-चार मिनिटांत होतं.

टाचांचं वेगळं सांगते, कारण माकडहाडाखालोखाल जखमा टाचांना होतात आणि टाचा कुणी पाहत नाही. उशी पोटरीखाली लांबीने घाला, म्हणजे पोटरीचा भार सगळ्या उशीवर पसरतो आणि टाच उशीच्या कडेबाहेर हवेत राहते. गुडघा किंचित वाकलेला हवा, ताठ नको. टाच आणि गादी यांमधून हात फिरला पाहिजे. एअर बेड असला तरी टाचा अशाच उचलून ठेवायच्या. बेड टाचांना वाचवत नाही. उजव्या पायाची संवेदना गेली असेल तर टाच दुखतेय हे सासूबाई सांगूच शकणार नाहीत. मधुमेहाने डाव्या पायाचीही संवेदना कमी झालेली असू शकते.

आता वेळापत्रक. दोन तास हा आकडा सगळीकडे ऐकू येतो. सुरुवातीला तोच धरायचा, पण तो शेवटचा शब्द नाही. एकाच गादीवर एकाच वजनाच्या दोघांपैकी एकाची कातडी तीन तास सहन करते, दुसऱ्याची दीड तासात लाल होते. म्हणून प्रत्येक वेळी कूस बदलल्यावर, ज्या बाजूवर त्या आतापर्यंत होत्या ती बाजू पाहायची. लाली असेल तर अर्ध्या तासाने पुन्हा पाहायची. लाली गेली, तर ती वेळ त्या कुशीला चालली. राहिली, तर त्या कुशीची वेळ अर्ध्या तासाने कमी करायची. संवेदना गेलेल्या उजव्या कुशीला आधीपासूनच कमी वेळ द्या, दीड तास.

तुमच्या घरी हे असं बसेल. सकाळी सहाला डायपर, अंग पुसणं, सगळ्या कातडीची तपासणी, आणि उजवी कूस, साडेसातला डावी. आठला न्याहारीसाठी बसवणं, साडेआठला उजवी. दहाला डावी. बारा वाजता पुन्हा उजवी. दीडला जेवण, दोनला डावी. चारला उजवी. साडेपाचला चहा, सहाला डावी. रात्री आठला जेवण, साडेआठला उजवी. दहाला दिवसातली दुसरी तपासणी आणि डायपर बदलून डावी, आणि बाराला उजवी. रात्रीचं गणित याच्या पुढे सुरू होतं. डाग आहे तोवर दीडला डावी, साडेतीनला उजवी, पाचला डावी. हे कठीण आहे, त्यात शंका नाही. पण ते कायमचं नाही. डाग पूर्ण गेला आणि सलग तीन-चार दिवस सकाळची तपासणी स्वच्छ निघाली, की रात्रीच्या प्रत्येक कुशीला अर्धा तास वाढवा. आणखी तीन-चार दिवस स्वच्छ, पुन्हा अर्धा तास. चांगल्या स्थितीतल्या गादीवर बऱ्याच जणांना रात्री तीन ते चार तास चालतात. मग रात्रीचं उठणं एक-दोन वेळांवर येतं. कुठल्याही सकाळी नवी लाली दिसली की एक पायरी मागे यायचं. यजमानांची दिवसपाळी असेल त्या आठवड्यात बाराची कूस बदलायचं काम त्यांच्याकडे द्या आणि तुम्ही दहालाच झोपा. सलग साडेतीन तास झोप मिळाली तर दीडला उठणं निभतं.

पलंगाजवळ एक वही ठेवा. वेळ, कोणती कूस, काय दिसलं, डायपर ओला की कोरडा, एवढंच. ‘साडेतीन, उजवी, खुबा लाल, चारला गेला’ अशी एक ओळ पुरते. ही वही नसेल तर कुठल्या कुशीला किती वेळ चालतो, हे चार दिवसांनी कुणालाच सांगता येत नाही.

बसवण्याबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तुमच्या सासूबाईंच्या डागाचं कारण बहुधा इथेच असावं. डोक्याकडची बाजू उंच करून दिवसभर टेकून ठेवलेला माणूस हळूहळू पायांकडे घसरत असतो, आणि माकडहाडावर दाब आणि ओढ दोन्ही एकाच वेळी पडतात. म्हणून बसवताना आधी मांड्यांखाली उशी घालून गुडघे वाकवा, मग डोकं वर घ्या. बसवून झालं की खांद्यांना धरून त्यांना क्षणभर पुढे झुकवा, पाठ गादीपासून सुटू द्या, गाऊन आणि चादर सरळ करा, मग टेकवा. पाठीत अडकलेली ओढ अशी सुटते. खाऊन झाल्यावर ठसका लागू नये म्हणून अर्धा तास डोकं उंचच ठेवायचं असतं, पण तो अर्धा तास बसूनच काढायला हवा असं नाही. तीस अंश कलत्या कुशीवर घेऊन डोक्याकडे थोडी उंची ठेवली तरी चालतं. एरवी डोक्याकडची उंची तीस अंशांपेक्षा जास्त नको.

तपासणी दिवसातून दोनदा, आणि ती उजेडात. सकाळी खिडकीच्या उजेडासारखा उजेड नाही. रात्री पांढरा दिवा लावा, पिवळ्या दिव्यात लाली लपते. डोक्याच्या मागच्या बाजूपासून सुरू करा. केस बाजूला करून पाहा. मग कानांच्या पाळ्या, खांद्याचे फरे, कोपर, पाठीचे मणके, माकडहाड, बसायची हाडं, दोन्ही खुबे, गुडघ्यांच्या आतल्या बाजू, घोट्यांच्या दोन्ही बाजू, टाचा, पायांची बोटं. रोज त्याच क्रमाने गेलं की काही सुटत नाही. माकडहाड पाहताना नितंबांची फट दोन बोटांनी उघडून आत पाहा. बारीक चीर तिथूनच सुरू होते आणि वरून दिसत नाही. लाली दिसली की तिच्या कडेने बॉलपेनने हलकी रेघ ओढा आणि मोबाइलवर एक फोटो घ्या. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली की आत राहिली, हे वाद न घालता कळतं.

प्रत्येक लाली दाबाची नसते. डायपरमुळे उठलेली लाली दोन्ही नितंबांवर, जांघांत, घड्यांत पसरलेली असते. तिच्या कडा अस्पष्ट असतात आणि कातडी ओलसर, सोललेली दिसते. दाबाची लाली हाडावर असते, एकाच जागी, आणि तिला कड असते. दोन्ही एकत्र असू शकतात, आणि ओलसर कातडी दाबाने लवकर फाटते. म्हणून प्रत्येक कूस बदलताना डायपरला हात लावून पाहा. शौच झालं असेल तर लगेच, ओला असेल तर त्याच वेळी बदला. कोमट पाणी आणि सौम्य साबण, मऊ कापड. घासायचं नाही, टिपायचं. कोरडं झाल्यावर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर लावा, म्हणजे खालची कातडी दिसेल इतकाच. जाड थर डायपरला चिकटतो आणि ओलावा शोषू देत नाही. पुढच्या वेळी वरची घाण तेवढी पुसा. मलम खरवडून काढायला गेलात की कातडीही सोबत येते. पावडर नको. आपल्याकडच्या दमट हवेत ती घामाने घड्यांत गोळे धरते आणि ते गोळे घासतात. पावसात चादरी वाळत नाहीत. हाताला कोरडी वाटणारी चादरही आतून सर्द असते, म्हणून अंथरण्याआधी इस्त्री फिरवा.

आता एअर बेड. तो उपयोगी आहे, परत करू नका. त्याचे फुगे आळीपाळीने भरतात आणि रिकामे होतात, त्यामुळे एकाच बिंदूवर सतत दाब राहत नाही. पण घसरणं, ओलावा, टाचा, घोट्यावर घोटा, यांतलं काहीच तो थांबवत नाही. म्हणून कूस बदलणं सुटत नाही, फक्त दोन वेळांमधलं अंतर वाढवता येतं. तो नीट भरला आहे का हे असं पाहा: सासूबाई पाठीवर असताना, अगदी थोडा वेळ, एअर बेड आणि खालची गादी यांच्यामध्ये माकडहाडाखाली तळवा वर करून हात घाला. हाड हातावर जाणवलं, मध्ये इंचभरही हवा नसली, तर बेड कमी भरला आहे. पंपावरचं बटण वजनाप्रमाणे वाढवा. फार टणक झाला तरी तो साध्या फळीसारखाच वागतो. त्यावर एकच पातळ सुती चादर आणि ती आडवी साडी, बस. वर रेक्झिन, गोधडी, शाल असे थर चढवले की फुग्यांचा उपयोग अंगापर्यंत पोचतच नाही, आणि रेक्झिनखाली घाम साचतो. एअर बेड साध्या गादीच्या वरच ठेवा, नुसत्या फळीवर नको. वीज गेली की बहुतेक बेडची हवा हळूहळू उतरते, आणि पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. वीज गेल्यापासून परत येईपर्यंत दोन तासांचं वेळापत्रक, मग रात्र असो वा दिवस. पंप इन्व्हर्टरवर जोडता आला तर उत्तम.

काकींचा सल्ला मायेपोटी आहे, पण दोन्ही गोष्टी करू नका. रिंगेवर बसवलं की मधली जागा मोकळी राहते खरी, पण रिंगेच्या गोल कडेवर सगळा दाब पडतो, आणि मधल्या कातडीकडे येणारं रक्त त्या कडेवरच अडतं. पाणी भरलेले हातमोजे टाचांखाली ठेवण्याचंही तसंच, उपयोग नाही. स्पिरिट कातडी कोरडी करून तडकवतं. आणि लाल जागेवर चोळणं तर नकोच. आत आधीच दुखावलेल्या रक्तवाहिन्या चोळल्याने फुटतात. बाकी पाठीला, हातापायांना हलक्या हाताने खोबरेल तेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावायला हरकत नाही. फुटलेल्या जागेवर हळद, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काही घालू नका. गरम पाण्याची पिशवी तर संवेदना गेलेल्या बाजूच्या आसपासही नको.

खाण्याबद्दल थोडक्यात. 48 किलो वजनाला दिवसाला साधारण 60 ते 70 ग्रॅम प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका. नुसत्या पेजेवर ठेवलेल्या माणसाला याच्या जवळपासही मिळत नाहीत. एका अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम माशात 18 ते 20, पेलाभर दुधात 6 ते 7. दोन अंडी, दुपारी आणि रात्री काटे काढून कुस्करलेला 75-75 ग्रॅम मासा, दोन पेले दूध, दोन वाट्या घट्ट वरण, पेज-भात, असं धरलं की 65 च्या आसपास होतं. पातळ पदार्थाने ठसका लागत असेल, खाताना आवाज ओला घोगरा होत असेल, तर थांबा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या. साखर आटोक्यात नसेल तर कूस कितीही नेमाने बदलली तरी कातडी साथ देत नाही, म्हणून साखरेच्या नोंदीही त्याच वहीत ठेवा.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं? पूर्ण दाब काढूनही लाली 24 तासांत फिकी पडली नाही, पाणी भरलेला फोड आला, किंवा कातडी सुटली, तर दुसऱ्या दिवसाच्या आत. फोड फोडू नका. त्याची कातडीच आतल्या जागेला झाकून ठेवते. जांभळा किंवा काळपट डाग दिसला, तर कातडी धड असली तरी त्याच दिवशी दाखवा. आतून वर येणारी जखम अशीच दिसते आणि दोन-चार दिवसांत खोल उघडते. टाचेवर कोरडी काळी खपली धरली असेल तर ती ओढून काढू नका. ताप, दुर्गंधी, पू, डागाभोवती पसरत जाणारी गरम लाली, किंवा नेहमी ओळखणाऱ्या सासूबाई एकाएकी गुंगीत गेल्या, असं काही झालं तर वाट न पाहता 108 ला फोन करून थेट इस्पितळात न्या. जाताना वही आणि रोजचे फोटो सोबत घ्या. डाग कधी दिसला, कुठल्या कुशीवर किती वेळ होता, दाबल्यावर फिकट पडत होता की नाही, आणि ताप-साखरेचे आकडे, या चार गोष्टी डॉक्टर पहिल्यांदा विचारतील.